तुरीत तोटा आणि तेलात घबाड: दुकानाच्या हिशेबातली एक चूक निस्तरताना

नागपूरच्या नंदनवनात आमचं किराणा दुकान आहे. डाळी-धान्य कळमन्यातून, बाकीचा माल इतवारीतून. दुकान बाबा सांभाळतात, आई दुपारी गल्ल्यावर बसते, आणि बारा-पंधरा वर्षांपासून मापाला एक काका आहेत. मी हिंगण्याला एका कंपनीत स्टोअर खात्यात नोकरी करते, त्यामुळे दुकानाशी माझा संबंध रविवारपुरता. हिशेबाची एक्सेल फाइल आत्याच्या मुलाने, म्हणजे दादाने, एप्रिल २०२४ मध्ये बनवून दिली होती आणि दर महिन्याला तोच भरायचा. मार्च २०२५ मध्ये त्याला पुण्यात नोकरी लागली आणि फाइल माझ्याकडे आली.

तेव्हा आमचा बँकेत कर्जाचा अर्ज चालू होता. दुकानाला लागून एक गाळा रिकामा झाला होता. तिथे रॅक आणि एक डीप फ्रीझर टाकायचं बाबांच्या मनात होतं. जानेवारीत मुद्रा योजनेखाली सहा लाखांसाठी अर्ज दिला. पाच लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि त्याच्या वर दहा लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत, तर आमचा अर्ज ‘तरुण’मध्ये गेला. सोबत उद्यम नोंदणी, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, जीएसटीचे तिमाही सीएमपी-०८, रॅक-फ्रीझरची कोटेशन्स आणि एप्रिल ते डिसेंबरचा महिनावार नफ्याचा तक्ता. हा शेवटचा तक्ता एक्सेलमधूनच छापून, खाली बाबांची सही करून दिलेला. मार्च संपल्यावर शाखेतून फोन आला की आता पूर्ण वर्षाचा तक्ता आणून द्या. तेवढंच काम म्हणून मी फाइल उघडली.

फाइलची रचना साधी होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. प्रत्येक मालाची एक शीट: Tel, Toor, Sakhar अशा पंचवीसेक. प्रत्येक शीटवर एका ओळीत एक महिना, दुसऱ्या ओळीत एप्रिल, तेराव्या ओळीत मार्च. B रकान्यात किती माल विकला, C मध्ये विक्रीचा भाव, D मध्ये खरेदीचा भाव, E मध्ये नफा. वर H1 या घरात, म्हणजे सेलमध्ये, भाडं-हमाली, तेलाला पिप्यामागे दहा रुपये, डाळीला किलोमागे एक रुपया. विकलेला माल कोणी दररोज मोजत नाही. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा महिनाअखेरचा साठा, असा तो काढलेला. शेवटच्या शीटवर सगळ्यांच्या E ची बेरीज, म्हणजे महिन्याचा ढोबळ नफा. दुकानभाडं, वीजबिल आणि काकांचा पगार त्यातून वेगळे वजा होतात.

मार्चचे आकडे भरता भरता तुरीच्या शीटवर माझी नजर अडली. फेब्रुवारीचा नफा उणे ८,६८० रुपये होता, मार्चचाही उणेच येत होता, आणि मागे पाहिलं तर डिसेंबरपासून तोटाच चालू होता. संध्याकाळी दुकानात जाऊन बाबांना विचारलं.

“तुरीत तोटा?” बाबांनी चष्मा वर केला. “काय सांगून राहिली तू? भाव पाहूनच माल आणतो मी. किलोमागं आठ-दहा रुपये सुटतातच.”

“मग दादाने तुम्हाला सांगितलं नाही?”

“सांगतलं होतं ना. म्हणूनच तं जानेवारीपासून तूर अर्धीच भरून राहिलो.”

हे ऐकून मला पहिल्यांदा धडधडलं. ज्या मालात नेहमीसारखा नफा होत होता, तो माल कागद बघून कमी केला गेला होता. आणि इकडे उलटं. दिवाळीच्या महिन्याचा, ऑक्टोबरचा नफा फाइलमध्ये १ लाख १४ हजार होता, एरवी सत्तर-ऐंशी हजारांच्या आसपास असणारा. ‘दिवाळी होती’ म्हणून तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. पण दिवाळी संपल्यावरही आकडा उतरला नव्हता, आणि गल्ल्यात मात्र पैसे नव्हते. बाबांचं म्हणणं उधारी वाढली. आईचं म्हणणं वेगळं होतं, ते ती हळू आवाजात बोलायची: मापात कोणीतरी मारतंय. मापावर काका असतात. चार-पाच महिने घरात हा संशय मुरत होता, आणि डिसेंबरपासून बाबा रात्री गल्ला दोनदा मोजायला लागले होते हे मला त्या संध्याकाळी कळलं.

घरी येऊन तुरीची फेब्रुवारीची ओळ उघडली. B12 मध्ये २८० किलो, C12 मध्ये १२८ रुपये, D12 मध्ये ११८ रुपये. ११८ ला घेऊन १२८ ला विकलं, एक रुपया हमाली, म्हणजे किलोला नऊ रुपये सुटले. तोंडी हिशेब केला तरी २,५२० रुपये नफा. शीट म्हणत होती उणे ८,६८०. मग E12 वर जाऊन कीबोर्डवरची F2 ही कळ दाबली. F2 दाबलं की सूत्रात ज्या घरांचा उल्लेख आहे ती घरं रंगीत चौकटीत दिसतात. B12 भोवती चौकट होती, C12 भोवती होती, पण तिसरी चौकट बाराव्या ओळीत नव्हतीच. ती वर, एप्रिलच्या ओळीत, D2 वर बसलेली.

```
=B12*(C12-$D$2-$H$1)
```

एक्सेलमध्ये सूत्र खाली ओढलं की त्यातले पत्ते आपोआप एकेक ओळ खाली सरकतात. B2 चं B3 होतं, B4 होतं. ज्या पत्त्याला डॉलर लावला तो सरकत नाही, याला अ‍ॅब्सोल्यूट रेफरन्स म्हणतात. H1 ला डॉलर हवाच होता, कारण हमालीचा दर एकाच घरात आहे. D2 ला नको होता. तो लागल्यामुळे वर्षभर प्रत्येक महिन्याची विक्री त्या-त्या महिन्याच्या भावाने आणि खरेदी मात्र एप्रिल २०२४ च्या भावाने धरली जात होती. D मध्ये दर महिन्याचा खरा भाव दादाने नेमाने भरला होता. तो कुठे वापरलाच जात नव्हता.

एप्रिलमध्ये तूर आम्हाला १५८ ला पडली होती, म्हणून फेब्रुवारीत १२८ वजा १५८ वजा १, म्हणजे किलोला उणे ३१. गुणिले २८० केलं की नेमका उणे ८,६८०. आकडा जुळल्यावर मी तशीच तेलाच्या शीटवर गेले, कारण तेल उलट दिशेने गेलं होतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर मूळ सीमाशुल्क शून्य होतं ते वीस टक्के झालं, रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. इतवारीत सोयाबीनचा पिपा बघता बघता चढला. आमच्याकडून पिपे नेणारे म्हणजे दोन सावजी भोजनालयं, काही तर्री-पोहेवाले आणि सणाला घरगुती गिऱ्हाईक. भाव कितीही असो, त्यांना तेल लागतंच.

ऑक्टोबरची ओळ अशी होती: ७० पिपे विकले, विक्री २,१५० ला, खरेदी २,०८० ला, हमाली १०. पिप्यामागे साठ रुपये, एकूण ४,२०० रुपये. एप्रिलमध्येही पिप्यामागे साठच सुटले होते. तेव्हा १,६५० ला घेऊन १,७२० ला विकला होता. पण सूत्राने ऑक्टोबरच्या २,१५० मधून एप्रिलचे १,६५० वजा केले, आणि पिप्यामागे ४९० रुपये नफा दाखवला. ७० पिप्यांचे ३४,३००. एका मालात, एका महिन्यात ३०,१०० रुपये हवेतले.

तेल महाग होऊन आमचा नफा वाढला, हे फाइल सहा महिने सांगत होती. बाबांचा अनुभव नेमका उलटा, की भाव चढला की भांडवल जास्त अडकतं आणि मार्जिन तेवढंच राहतं. पण छापलेला कागद समोर आला की माणूस आपल्या अनुभवावरच शंका घेतो, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

चूक सापडल्यावर मी लगेच दुरुस्त करायला घेतलं नाही, आणि तेच बरं झालं. आधी खात्री करायची होती की आता निघणारा आकडा खरा आहे. त्यासाठी एक पडताळणी केली, ती कोणत्याही दुकानाच्या शीटवर चालेल. विक्रीच्या रकमेतून शीटने दाखवलेला नफा वजा करायचा, उरलेल्याला नगांनी भागायचं आणि हमाली काढायची. म्हणजे शीटच्या मते माल कितीला पडला ते कळतं. रिकाम्या F रकान्यात हे लिहिलं:

```
=(B8*C8-E8)/B8-$H$1
```

ऑक्टोबरला उत्तर आलं १६५०. मग बिलांची फाइल काढली. इतवारीतल्या घाऊक दुकानदाराचं ऑक्टोबरचं बिल, २,०८० रुपये पिपा. ऑक्टोबरमध्ये नागपुरात कुणी १,६५० ला पिपा दिला असता तर बाबांनी घरसुद्धा तेलाने भरून ठेवलं असतं. ही तुलना बिलाशीच करायची, D रकान्याशी नाही, कारण D मध्ये भरतानाच चूक झाली असेल तर दोन्ही बाजू एकच खोटं बोलतील. मी दर मालाची निदान तीन महिन्यांची बिलं लावून बघितली. बिलं तारखेप्रमाणे सुतळीत ओवून ठेवायची आईची सवय आहे म्हणून एका रविवारी काम उरकलं.

रात्री दादाला फोन केला. तो आधी गप्प झाला, मग त्याने फाइल उघडली आणि स्वतःच म्हणाला, “हो गं, डॉलर आहे.” कसा लागला असेल याचा आम्ही मिळून अंदाज बांधला. सूत्र लिहिताना पत्त्यावर कर्सर ठेवून F4 दाबलं की त्या एका पत्त्याला डॉलर लागतो. पण माउसने D2-H1 हा पूर्ण तुकडा निवडून F4 दाबलं तर दोन्ही पत्त्यांना लागतो. त्याला H1 कुलूपबंद करायचा होता, D2 सोबत गेला. फाइल बनवली तेव्हा एप्रिलची एकच ओळ भरलेली होती आणि त्या ओळीत $D$2 आणि D2 यांचं उत्तर एकच येतं, म्हणून तपासल्यावरही बरोबरच दिसलं. मग तेलाची शीट कॉपी करून बाकीच्या सगळ्या केल्या, म्हणजे चूकही पंचवीस ठिकाणी गेली. “मामांना मी सांगतो,” तो म्हणाला, आणि त्याने खरंच सांगितलं.

एक्सेलने इशारा का दिला नाही, असं मलाही वाटलं होतं. शेजारच्या घरांपेक्षा वेगळं सूत्र असलं की कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. आमच्याकडे बाराही ओळींत सारखीच चूक होती, त्यामुळे वेगळं काही नव्हतंच. हिरवा त्रिकोण दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये एवढं यातून घ्या.

आता दुरुस्ती. पहिला मोह होतो तो Ctrl+H चा: $D$2 शोधा, D2 ने बदला, पूर्ण वर्कबुकमध्ये. असं करू नका. मी फाइलच्या कॉपीवर करून बघितलं. डॉलर जातात, पण बाराव्या ओळीतही D2 च राहतो, D12 होत नाही. सूत्र दिसायला स्वच्छ, आणि उत्तर जुनंच चुकीचं. शिवाय आता डॉलर नसल्यामुळे पुढच्या माणसाला शंकाही येणार नाही. बरोबर पद्धत म्हणजे पहिल्या ओळीत सूत्र नीट करायचं आणि ते पुन्हा खाली भरायचं:

```
=B2*(C2-D2-$H$1)
```

सगळ्या शीटची रचना सारखी असल्याने पहिल्या टॅबवर क्लिक करून, Shift धरून शेवटच्या मालाच्या टॅबवर क्लिक केलं. त्याने सगळ्या शीट एकत्र निवडल्या जातात. मग E2 मध्ये सूत्र लिहून E2 ते E13 निवडलं आणि Ctrl+D दाबलं की एका वेळी सगळीकडे बदलतं. बेरजेची शीट या निवडीत येऊ द्यायची नाही. आणि काम झाल्या झाल्या टॅबवर उजवं क्लिक करून Ungroup Sheets करायचं. ते राहिलं तर पुढे एका शीटवर टाइप केलेला साखरेचा भाव हळद-मिरचीसकट सगळ्या शीटवर जाऊन बसतो.

त्याआधी मात्र Ctrl+` दाबून प्रत्येक शीट नजरेखालून घाला. या कळीने घरांत उत्तरांऐवजी सूत्रं दिसतात. गुळाच्या शीटवर मला ऑगस्टच्या ओळीत सूत्रच नव्हतं, हाताने लिहिलेला आकडा होता. पावसाळ्यात दोन ढेपा पाघळल्या होत्या, ते नुकसान वजा करून दादाने आकडा टाकला होता. सरसकट भरलं असतं तर ते नुकसान पुसलं गेलं असतं. गूळ निवडीतून वगळला आणि नंतर एकेक ओळ हाताने केली.

सप्टेंबरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तो महिना मधूनच फाटलेला होता. आधीचे १० पिपे शिल्लक होते १,६५० चे, शुल्क वाढण्याआधी ३० घेतले १,६६० ने, आणि नंतर २५ घेतले २,०४० ने. D7 मध्ये काय लिहायचं? दादाने शेवटच्या बिलाचा भाव, २,०४०, लिहिला होता. तो घेतला तर सप्टेंबरमध्ये तेलात जबर तोटा दिसतो, कारण अर्धा महिना आम्ही जुन्या भावानेच विकत होतो. म्हणून सरासरी काढली: १६,५०० अधिक ४९,८०० अधिक ५१,०००, म्हणजे १,१७,३०० रुपयांचे ६५ पिपे, पिपा साधारण १,८०५ ला. जुना माल नव्या भावाने विकून थोडा जास्तीचा नफा खरोखरच झाला होता, तो आता दिसला. पण ती कमाई एकदाची. पुढचा पिपा २,०४० लाच घ्यावा लागतो. त्यानंतर मी सगळ्याच मालांना सरासरी भाव लावला. जिथे भाव महिनाभर स्थिर होता तिथे फरक पडला नाही.

सगळं झाल्यावर ऑक्टोबरचा नफा १ लाख १४ हजारांवरून ८१ हजारांवर आला. वर्षाचा ढोबळ नफा १० लाख ८० हजारांच्या जागी सव्वानऊ लाखांच्या आसपास. तेल, हरभरा डाळ आणि खोबऱ्याने फुगवलेलं होतं, तुरीने त्यातलं थोडं खाल्लं होतं. तुरीचा भाव पडला नसता तर एकूण फरक आणखी मोठा झाला असता, पण एकाही मालात तोटा दिसला नसता आणि मला बहुधा काही कळलंच नसतं.

बाबांना सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं. मी जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून, तेलाची फक्त एक ओळ कॅल्क्युलेटरवर करून दाखवली. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पैसा गेला नाही कुठी. तो आलाच नव्हता.” आई उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून गल्ला रात्री एकदाच मोजला जायला लागला. काकांना संशयाबद्दल कोणी काही सांगितलं नाही, सांगावं की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते त्यांना ते आधीच कळलं होतं.

नुकसान नुसतं मनाचं नव्हतं. ऑक्टोबरचा आकडा बघून बाबांनी दिवाळीनंतर मोठी भिशी धरली होती, महिन्याला दहा हजारांची. ती मध्येच सोडता येत नव्हती. आणि बँकेत आम्ही सहीनिशी चुकीचा तक्ता दिलेला होता.

पहिली धास्ती कराची होती, म्हणून एप्रिलच्या भर उन्हात धंतोलीला सीएंच्या ऑफिसात गेलो. तिथे मोठा जीव भांड्यात पडला. आमचं जीएसटी कंपोझिशन योजनेत आहे. त्यात व्यापाऱ्याला विक्रीवर एक टक्का भरावा लागतो, नफ्यावर नाही. विक्रीचे आकडे B आणि C वरून येत होते आणि ते बरोबर होते, त्यामुळे सीएमपी-०८ ला हात लावायची गरज नव्हती. आयकर आम्ही तेव्हा कलम ४४एडी खाली भरायचो, उलाढालीच्या आठ टक्के, यूपीआय-बँकेने आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा असा अंदाजाने धरून. २०२४-२५ चं विवरणपत्र अजून भरायचंच होतं. सीए म्हणाले, या कलमात त्याहून जास्त कमाई झाली असेल तर जास्त दाखवायची असते. खर्च वजा जाता जुन्या तक्त्यावरून आमचा निव्वळ नफा पंचाहत्तर लाखांच्या उलाढालीवर नऊ टक्क्यांच्या वर जात होता, नव्याने साडेसातच्या आत. “किराण्यात नऊ टक्के निव्वळ? मी ते बघूनच तुम्हाला फोन केला असता,” हेही ते म्हणाले. म्हणजे न कमावलेले दीड लाख आम्ही नफा म्हणून दाखवणार होतो.

बँकेसाठी त्यांनी वर्षाचा प्रोव्हिजनल ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक करून सही-शिक्क्यासह दिलं. फी साडेतीन हजार. सोबत न्यायचं पत्र मी लिहिलं आणि ते एका पानाच्या आत ठेवलं: अर्ज क्रमांक, जानेवारीत दिलेल्या तक्त्याची तारीख, त्यात सूत्राची चूक होती, जुना आणि दुरुस्त आकडा महिनावार शेजारी, मूळ तक्ता रद्द समजावा अशी विनंती, बाबांची सही. दोन प्रती न्या आणि एकीवर पोचशिक्का घ्या. तो नंतर लागतोच.

शाखेत आम्ही घाबरतच गेलो. कर्ज अधिकाऱ्याने पत्र वाचलं, ऑक्टोबरच्या दोन्ही आकड्यांवर पेन टेकवलं आणि विचारलं, चूक तुम्हालाच सापडली की कुणी दाखवली? मी सांगितलं. त्याने समजावलं की पात्रता ते मुख्यतः विवरणपत्रं आणि खात्यातली उलाढाल बघून ठरवतात, पण हप्ता झेपेल की नाही हे आमच्या तक्त्यावरून धरलं होतं, म्हणून ते गणित पुन्हा करावं लागेल. त्याने सांगितलेल्या व्याजाने सहा लाखांचा पाच वर्षांचा हप्ता तेरा हजारांच्या आसपास येत होता. भिशीचे दहा हजार धरले तर खऱ्या नफ्यात घरखर्चाला फार थोडं उरत होतं. बाबांनी तिथेच ठरवलं की फ्रीझर लहान घ्यायचा, रॅक निम्म्या टाकायच्या. साडेचार लाखांचा सुधारित अर्ज ‘किशोर’ गटात द्यावा लागला, म्हणजे फॉर्म नव्याने आणि कोटेशन्सही नवी, कारण जुन्यांवर रक्कम वेगळी होती. त्यातच आठवडाभर गेला.

मग वाट बघणं. मधे दुकानाची पाहणी झाली, साठ्याचे फोटो काढले गेले, गाळ्याच्या भाडेकराराची प्रत पुन्हा मागितली. मे संपता संपता मंजुरीचा मेसेज आला. हप्ता पावणेदहा हजार. जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र जीएसटीआर-४ भरायची मुदत २०२४-२५ या वर्षापासून ३० जूनपर्यंत असते, ते जूनच्या मध्यात भरून टाकलं.

फाइलमध्ये F रकाना मी तसाच ठेवला आहे, शेजारी D शी फरक आला की घर लाल होतं. महिनाअखेरीला तीन माल निवडून त्यांचं बिल बाबा स्वतः F शी जुळवतात. कोणते तीन ते मला आधी सांगत नाहीत. ३० मे रोजी कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आलं आणि पिपा उतरायला लागला, तेव्हा जूनमध्ये पुन्हा सप्टेंबरसारखीच सरासरी काढावी लागली, या वेळी उलट्या बाजूने: महाग घेतलेले अकरा पिपे उतरत्या भावाने विकावे लागले आणि तेलात खरोखरचा तोटा आला. बाबांनी तो आकडा बघितला, बिल लावून पाहिलं, आणि कळमन्याला फोन करून तूर पूर्वीइतकी पाठवायला सांगितली.